मागच्या रांगेला दिसेल असा आलेख

महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. लग्नाच्या तिथी नसतात, मंगल कार्यालये रिकामी असतात, आणि मग तीच सभागृहे पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या आणि साखर कारखान्यांच्या सभांनी भरतात. व्यासपीठ, हार, अहवालाची पुस्तिका आणि चहा यांच्या जोडीला अलीकडे पडदा आणि प्रोजेक्टरही आला आहे. व्यवस्थापक ठेवी आणि कर्जांचा आलेख लावतात, लेसरचा लाल ठिपका त्यावर फिरवतात, पुढच्या दोन-तीन रांगा माना डोलावतात. मागच्या रांगांना दिसते ते एवढेच, की पडद्यावर काहीतरी रंगीत आहे.

आलेख करायला बसलेला कारकून आधी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘अक्षर किती साइजचे ठेवू?’ कोणी सांगते चोवीस, कोणी अठ्ठावीस. हे उत्तर हॉल न पाहता दिलेले असते, म्हणून ते निरुपयोगी असते. अठ्ठावीस पॉइंटांचे अक्षर एका खोलीत ठसठशीत दिसते आणि दुसऱ्या खोलीत डोळ्याच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यातल्या खालच्या ओळींइतके बारीक.

याचे कारण पॉइंट या मापातच आहे. कागदावर पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, त्यात शंका नाही. स्लाइडवर मात्र त्याचा इंचाशी संबंध उरत नाही, कारण स्लाइड पडद्यावर कितीही मोठी होते. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड साडेसात इंच उंच, म्हणजे ५४० पॉइंट उंच असते. तेव्हा ५४ पॉइंट म्हणजे पडद्यावरच्या चित्राच्या उंचीचा दहावा हिस्सा, २७ पॉइंट म्हणजे विसावा. पॉइंट हा इथे चित्राच्या उंचीचा अपूर्णांक आहे, बाकी काही नाही. गूगल स्लाइड्सची नेहमीची रुंद स्लाइड ४०५ पॉइंट उंच असते, त्यामुळे तिथले २४ पॉइंट पॉवरपॉइंटमधल्या ३२ पॉइंटांएवढे दिसतात. एका प्रोग्राममधला आकडा दुसऱ्यात तसाच उचलून टाकणारे इथे फसतात.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्याला अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये कळत नाही, त्याला कळतो तो कोन. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेचे चंद्रबिंब साधारण ३० कलांचे असते. नेदरलँडचे नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये नजर तपासायचा तक्ता तयार केला, तो याच हिशेबावर उभा आहे. ज्याची नजर ६/६ आहे त्याला ५ कलांचे अक्षर जेमतेम ओळखता येते, ६/१२ असलेल्याला १० कलांचे लागते. पण ‘जेमतेम’ हा शब्द विसरू नका. डॉक्टरांकडे आपण एकेक अक्षर थांबून, डोळे बारीक करून, कधी अंदाजाने सांगतो. सहज वाचायचे तर त्याच्या तिप्पट मोठे अक्षर लागते. संगणकाच्या पडद्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात अक्षराची उंची किमान १६ कला आणि शक्यतो २० ते २२ कला असावी असे सांगितले आहे. म्हणजे शेवटच्या खुर्चीवरून पडद्यावरचे अक्षर निदान अर्ध्या चंद्राएवढे दिसले पाहिजे. लक्षात ठेवायला ही तुलना बरी पडते.

आता एक मंगल कार्यालय घेऊ. पडद्यावरचे चित्र २ मीटर उंच आणि सुमारे साडेतीन मीटर रुंद आहे. शेवटची रांग पडद्यापासून २४ मीटरवर आहे. एवढ्या अंतरावर एक कला म्हणजे ७ मिलिमीटर. चित्राची उंची ५४० पॉइंट, म्हणून एक पॉइंट ३.७ मिलिमीटरचा. कारकुनाने २८ पॉइंटांचे अक्षर घेतले, तर ते १०४ मिलिमीटरचे होईल असे वाटते. पण फॉन्टचा आकडा म्हणजे अक्षराची उंची नव्हे. त्या आकड्यात वरच्या वेलांटीची, खालच्या उकाराची आणि मोकळ्या जागेचीही गणना असते. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचे अंग त्याच्या निम्म्याहून थोडेसे जास्त भरते. हे फॉन्टागणिक बदलते, पण हिशेबाला ५५ टक्के धरायला हरकत नाही. म्हणजे ‘क’ची खरी उंची ५७ मिलिमीटर, आणि शेवटच्या रांगेतून ती ८ कला. ६/६ नजरेच्या तरुणाला ती प्रयत्नाने लागेल. ६/१२ नजरेच्या आजोबांना ती लागणारच नाही, आणि पतसंस्थेच्या सभेला आजोबाच जास्त असतात. १८ पॉइंटांचे अक्षर घेतले असते तर ५ कला भरल्या असत्या. तेवढ्यावर ६/६ नजर संपते.

हा सगळा गुणाकार दर वेळी करायची गरज नाही. शेवटच्या रांगेचे अंतर भागिले चित्राची उंची, एवढा एकच आकडा काढा. त्याला पट म्हणू. वरच्या कार्यालयाचा पट १२ आहे. पॉवरपॉइंटमध्ये देवनागरी अक्षरासाठी या पटाला साडेचारने गुणले की १६ कलांचे अक्षर मिळते. पट ६ असेल तर २७ पॉइंट, ८ असेल तर ३६, १२ असेल तर ५४. साडेचारऐवजी तीनने गुणले तर जेमतेम १० कलांचे अक्षर येते. तो तळ आहे, त्याखाली जायचे नाही. गूगल स्लाइड्समध्ये साडेचारच्या जागी ३.४ घ्या.

सभागृहाची ध्वनी आणि दृश्य व्यवस्था बसवणारे लोक शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापटीच्या आत ठेवावी, असे वर्षानुवर्षे मानत आले. आकडे बारकाईने वाचायचे असतील तर चारपट, नुसते पाहायचे असेल तर आठपट. मंगल कार्यालये या नियमाने बांधलेली नसतात, ती पंगतीच्या आणि अक्षतांच्या हिशेबाने बांधलेली असतात. म्हणून तिथे दहा-बारा पट सहज निघतो.

देवनागरीसाठी मी हात सढळ ठेवायला सांगतो, त्याला कारण आहे. स्नेलनचे अक्षर पाच रेघांच्या उंचीचे असते आणि त्यातली प्रत्येक रेघ आणि प्रत्येक फट एकेक कलेची. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘१’ आणि ‘९’ यांतला फरक एखाद्या फटीत किंवा छोट्या वळणात असतो. ‘द्ध’ किंवा ‘क्ष’मध्ये तेवढ्याच उंचीत दुप्पट गुंता भरलेला असतो. अनुस्वाराचा ठिपका तर एका रेघेएवढाच. दुरून फट बुजली की अक्षर ठळक दिसते आणि तरीही वाचता येत नाही. म्हणूनच ‘दिसत नाही, बोल्ड करा’ हा उपाय अनेकदा उलटतो. बोल्डने रेघ जाड होते, पण ती आतल्या फटी खाऊन जाड होते. त्यापेक्षा मध्यम जाडीचा फॉन्ट घ्या आणि आकार वाढवा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फॉन्ट विनामूल्य मिळतो आणि त्यात बारीक ते जाड अशा अनेक पायऱ्या आहेत, त्यातली मधली उचलावी. अगदी बारीक जाडी मात्र टाळा, कारण उजळ पांढऱ्या पडद्यावर पांढरा उजेड काळ्या रेघेच्या कडा खातो.

आता रेघेची जाडी. इथे डोळा एक गंमत करतो. अक्षराला कितीतरी कला लागतात, पण एकटी काळी रेघ उजळ आकाशापुढे एका कलेच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक असली तरी तिचे अस्तित्व डोळ्याला कळते. हेख्त आणि मिंट्झ यांनी १९३९ मध्ये केलेल्या प्रयोगांतून हे मोजले गेले. दूरवरच्या खांबांमधली विजेची तार आपल्याला दिसते ती यामुळेच. त्यामुळे आलेख करणाऱ्याला वाटते, रेघ तर दिसतेच आहे, मग जाड कशाला करायची?

जाड करायची ती रंगासाठी. रेघ दिसणे वेगळे आणि तिचा रंग ओळखू येणे वेगळे. डोळ्याच्या पडद्यावर, आपण जिथे रोखून पाहतो त्या अगदी मधल्या बिंदूत, निळा उजेड टिपणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. म्हणून फार बारीक वस्तू पाहताना निळा आणि काळा यांतला फरक पुसला जातो, आणि पांढऱ्यावरचा पिवळा तर नाहीसाच होतो. मागच्या रांगेतल्या माणसाला निळी रेघ आणि काळी रेघ दोन्ही दिसतात, पण ठेवींची कोणती आणि कर्जांची कोणती हे त्याला सांगता येत नाही. त्याचा दोष नसतो. रेघ एक-दीड कलेची असेल तर रंगाची खूण मुळात पोचतच नाही.

मुख्य रेघेला तीनेक कलांची जाडी द्यावी असे माझे मत आहे. पॉइंटांत याचा हिशेब फार सोपा निघतो, पटाच्या निम्मे. पट ६ असेल तर ३ पॉइंट, ८ असेल तर ४, १२ असेल तर ६. एक्सेल मुळात सव्वादोन पॉइंटांची रेघ देते, ती टेबलावर बसून पाहायला पुरते आणि आठपटीच्या हॉलात अपुरी पडते. आणि एवढे करूनही निळ्या-काळ्याचा भरवसा धरू नका. रेघा एकमेकींपासून ओळखू यायच्या तर एक गडद आणि एक बऱ्यापैकी फिकी असा फरक ठेवा, आणि प्रत्येक रेघेच्या टोकालाच तिचे नाव लिहा. कोपऱ्यातल्या चौकटीतले ते रंगाचे इवलेसे तुकडे आणि पुढे नावे, हा प्रकार मोठ्या हॉलात साफ टाकून द्यावा.

तुटक रेघेचेही असेच. तिची फट रेघेच्या जाडीच्या प्रमाणात असते. ठिपक्या-ठिपक्यांच्या रेघेत फट एका जाडीएवढीच असते, म्हणजे बाराच्या पटात २ पॉइंटांच्या रेघेची फट जेमतेम एक कला. मागून ती तुटक न दिसता अखंड पण मळकट दिसते. तुटक हवी असेल तर लांब तुकड्यांची घ्या आणि ती मुख्य रेघेइतकीच जाड ठेवा.

मग सरळ दहा पॉइंटांची का करू नये? करता येईल, पण जाड रेघ आकडे गिळते. हे उदाहरणानेच दाखवतो.

समजा आपल्या पतसंस्थेच्या ठेवी २०१५-१६ मध्ये ४८ कोटी होत्या आणि २०२४-२५ मध्ये ११२ कोटी झाल्या. कर्जे ३५ कोटींवरून ७८ कोटींवर गेली. थकबाकी १.२ कोटींची २.९ कोटी झाली. कारकुनाने तिन्ही रेघा एकाच आलेखात घातल्या आहेत, खाली दहा वर्षे ‘२०१५-१६’ अशी पूर्ण लिहिली आहेत, डावीकडे वीस-वीस कोटींच्या पायऱ्या आहेत आणि मागे करड्या आडव्या रेघांची जाळी आहे. एक्सेलने आकडे ९ पॉइंटांचे ठेवले आहेत.

बाराच्या पटात ५४ पॉइंटांचे अक्षर घेतले तर या आलेखाला जागाच उरत नाही. तेव्हा आधी हॉलकडे पाहायचे. खुर्च्या सोळा मीटरच्या आत आणल्या तर पट ८ होतो. किंवा ३ मीटर उंचीचा पडदा भाड्याने आणला तरी चोवीस मीटरला पट ८ होतो, पण तोच उजेड सव्वादोनपट क्षेत्रावर पसरतो आणि चित्र मंदावते. शिवाय खुर्च्या पुढे आणताना त्या फार बाजूला पसरवू नयेत, कारण कडेने पाहणाऱ्याला अक्षरे चेपून अरुंद दिसतात. आपण खुर्च्या पुढे आणल्या असे धरू. अक्षर ३६ पॉइंटांचे, रेघ ४ पॉइंटांची.

स्लाइड ५४० पॉइंट उंच आणि ९६० पॉइंट रुंद. मंगल कार्यालयाची जमीन सपाट असते, त्यामुळे पडद्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यांआड जातो, आणि आलेखाचा आडवा अक्ष, म्हणजे वर्षांची ओळ, नेमकी तिथेच असते. खालचा पाचवा हिस्सा, सुमारे १०८ पॉइंट, रिकामा सोडून द्या. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असल्याने ३६ पॉइंटांच्या एका ओळीला ५४ पॉइंटांची उंची लागते. एक ओळ शीर्षकाची, एक वर्षांची. उरले ३२४ पॉइंट, आणि त्यात शून्य ते १२० कोटी बसवायचे. म्हणजे एका कोटीला २.७ पॉइंट.

आता चार पॉइंटांची रेघ म्हणजे जवळजवळ दीड कोटीची जाडी. थकबाकी दहा वर्षांत १.७ कोटींनी वाढली, म्हणजे तिची रेघ या पडद्यावर स्वतःच्या जाडीएवढीच वर सरकली. मागच्या रांगेला ती तळाशी चिकटलेली सपाट पट्टी दिसणार, आणि सभासद घरी जाणार ते थकबाकी वाढलीच नाही असे समजून. तेव्हा थकबाकी या आलेखातून काढा आणि वेगळ्या स्लाइडवर कर्जाच्या टक्केवारीत दाखवा. ३.४ टक्क्यांची ३.७ टक्के झाली, एवढेच दोन आकडे मोठ्या अक्षरांत. एखादी रेघ दहा वर्षांत स्वतःच्या जाडीच्या चार-पाचपटसुद्धा हलत नसेल, तर ती त्या आलेखातली नव्हे असे मी समजतो.

वर्षांचे पाहा. ‘२०१५-१६’ हे ३६ पॉइंटांत लिहायला १४० पॉइंट रुंदी लागते. अशी दहा वर्षे म्हणजे १४०० पॉइंट, आणि स्लाइडच ९६० ची. सॉफ्टवेअर यावर मुकाट्याने वर्षे तिरपी किंवा उभी करून टाकते. अक्षावरची नावे तिरपी झाली, की आलेखात हॉलच्या मानाने जास्त माल भरला आहे हे समजून जावे. इथे नुसते १६, १७, १८ असे २५ पर्यंत लिहिले की काम भागते, प्रत्येकाला ४० पॉइंट पुरतात. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते हे सभासदांना ठाऊक असते, आणि व्यवस्थापकांनी ते एकदा तोंडाने सांगितले की झाले.

डावीकडच्या पायऱ्या आणि मागची जाळी काढून टाका. त्यांचे काम होते आकडा वाचून देणे, तो आता रेघेच्या टोकाशीच लिहायचा. उजव्या टोकाला ‘ठेवी ११२’ आणि ‘कर्जे ७८’. दोघांमध्ये ३४ कोटींचे अंतर आहे, म्हणजे ९२ पॉइंट, आणि ओळीला हवे ५४, तेव्हा ती नीट बसतात. डाव्या टोकाला मात्र ४८ आणि ३५ यांत १३ कोटींचेच अंतर आहे, ३५ पॉइंटांचे. तिथे आकडे एकमेकांवर चढतील. म्हणून ४८ हा रेघेच्या वर आणि ३५ हा रेघेच्या खाली. असल्या गोष्टी सॉफ्टवेअर करून देत नाही, हाताने कराव्या लागतात. शेवटी शीर्षक, ‘ठेवी दहा वर्षांत दुपटीहून जास्त’. ‘कोटी रुपये’ हे शब्द त्याच ओळीच्या शेवटी जोडा, एकदाच.

आलेख एक्सेलमध्ये करून चित्र म्हणून स्लाइडवर डकवत असाल तर एक सापळा सांभाळा. चित्र ओढून मोठे किंवा लहान केले की अक्षरे आणि रेघाही त्याच प्रमाणात बदलतात. एक्सेलमध्ये ३६ लिहिलेले पडद्यावर ३६ राहत नाही. खात्री करायची सोपी रीत अशी, की स्लाइडवर एका कोपऱ्यात ३६ पॉइंटांचा ‘क’ टाइप करायचा, तो आलेखातल्या ‘क’शेजारी सरकवून दोन्ही सारखे दिसतात का ते पाहायचे आणि मग खोडायचा. आणि सगळे झाल्यावर पीडीएफही करून न्या. हॉलमधल्या लॅपटॉपवर तुमचा फॉन्ट नसेल तर तो दुसराच उचलतो आणि सगळ्या ओळी जागच्या हलतात.

इतके करूनही हॉलमधला उजेड घात करू शकतो. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर ‘काळे’ म्हणून जे दिसते तो ट्यूबलाइटचा आणि खिडक्यांचा उजेड पडलेला पांढरा पडदाच असतो. ३५०० लुमेनचा नवा प्रोजेक्टर आपल्या २ मीटर उंच चित्रावर सुमारे ४९० लक्स उजेड पाडतो. हॉलच्या दिव्यांचा १५० लक्स त्याच पडद्यावर पडत असेल, तर पांढरे ६४० आणि काळे १५०, म्हणजे प्रमाण चारच्या थोडे वर. दृश्य-व्यवस्थेच्या अमेरिकी मानकात समजून निर्णय घेण्याजोग्या चित्राला १५ चे प्रमाण मागितले आहे. जुन्या दिव्याने प्रोजेक्टरचा उजेड निम्म्यावर आला असेल तर इथले प्रमाण तीनच्याही खाली जाते. अशा वेळी फिक्या करड्या जाळीचे आणि पिवळ्या-केशरी रेघांचे काय होते ते सांगायला नको. स्वस्त प्रोजेक्टरांत आणखी एक दोष असतो. पांढरा उजेड वाढवायला त्यांच्या फिरत्या रंगचक्रात पांढरा काचखंड घातलेला असतो, त्यामुळे पांढऱ्याच्या शेजारी लाल रंग तपकिरी दिसतो आणि पिवळा मातकट. व्यासपीठावरच्या आणि पडद्याजवळच्या ट्यूब तेवढ्या विझवा, मागच्या राहू द्या. अक्षर आणखी चार पॉइंटांनी वाढवण्यापेक्षा ते एक बटण जास्त कामाचे आहे. प्रोजेक्टर जुना, म्हणजे १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा असेल, तर रुंद स्लाइडचा एक पॉइंट त्याच्या जेमतेम एका ठिपक्याएवढा असतो. पाऊण पॉइंटाच्या रेघा त्यावर धूसर करड्या होऊन विरतात.

आता हे सगळे सभेच्या आदल्या संध्याकाळी घरी तपासता येते. लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा आणि तिची उंची पट्टीने मोजा. १७ सेंटिमीटर भरली आणि हॉलचा पट ८ असेल, तर १३६ सेंटिमीटरवर उभे राहून पाहा. शेवटच्या रांगेला अक्षर जेवढे दिसणार, तेवढेच ते इथून दिसते, कारण कोन तोच आहे. लॅपटॉपचा काळा रंग खरोखर काळा असतो, म्हणून पडद्याचा उजेड कमी करून आणि खोलीतले दिवे लावून पाहा. आणि वाचून दाखवायला स्वतः उभे राहू नका. तुम्हाला ‘कर्जे ७८’ आधीच पाठ आहे, तुम्ही ते न दिसताही वाचाल. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बोलवा, त्यांचा लांबचा चष्मा लावायला सांगा आणि आकडे वाचायला लावा. ते ‘७८’च्या जागी ‘७६’ म्हणाले तर अक्षर लहान आहे.

चष्म्यावरून एक गोष्ट राहिली. बऱ्याच सभासदांच्या मांडीवर अहवाल उघडा असतो आणि नाकावर चाळिशी असते. त्यांनी तशीच मान वर केली तर पडदा धूसर दिसणारच, त्याला कोणताही पॉइंट पुरणार नाही. आलेख आला की व्यवस्थापकांनी ‘अहवाल मिटा, पडद्याकडे पाहा’ असे सांगून थोडे थांबावे.

आणि अहवालाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. बारा पॉइंटांत छापलेले देवनागरी अक्षर हातभर अंतरावर, ४० सेंटिमीटरला, २० कलांचे दिसते. बाराच्या पटाच्या हॉलात तेच दिसायला पडद्यावर ६८ पॉइंट लागतील, आणि एवढ्या अक्षरात आलेख बसत नाही. म्हणून ज्या कार्यालयात खुर्च्या पुढे घेता येत नाहीत आणि पट दहाच्या वर आहे, तिथे आलेख पडद्यावर लावूच नये. तो अहवालात छापावा, आणि पडद्यावर शंभर पॉइंटांत फक्त पान क्रमांक लिहावा.